घाटात भरलेली ट्रॉली ओढणाऱ्या ट्रॅक्टरचे ऑइल : दोष घट्ट-पातळपणाचा की गिअरचा?

यवतमाळ जिल्ह्यात कापसाचा हंगाम सुरू झाला की रस्त्यांवर भरलेल्या ट्रॉल्या दिसू लागतात. पुसद, उमरखेड, महागाव पट्ट्यात त्यात उसाची भर पडते. हा भाग सपाट नाही. पुसद शहर टेकड्यांनी वेढलेले आहे, आणि पुसद-वाशिम रस्त्यावरील खंडाळा घाटासारखे चढ भरल्या ट्रॉलीसह पार करावे लागतात. याच दिवसांत गॅरेजमध्ये ‘इंजिन बसले’ अशी तक्रार घेऊन येणारे ट्रॅक्टरही वाढतात, आणि बहुतेक वेळा खापर ऑइलवर फुटते. ‘ऑइल पातळ होते, आता घट्ट टाका’ हा सल्ला ठरलेला असतो. हा सल्ला अर्धवट आहे, आणि अनेकदा चुकीचाही. घाटात ऑइलवर काय बेतते हे पाहिले की त्याचे कारण कळते.

चढावर इंजिनाला किती जास्त काम पडते?

एक साधे उदाहरण घेऊ. ट्रॅक्टर ४५ अश्वशक्तीचा आहे. ट्रॅक्टर, ट्रॉली आणि माल मिळून वजन १० टन. सपाट डांबरी रस्त्यावर ही गाडी नुसती चालती ठेवायला साधारण २०० किलोचा ओढ लागतो. ताशी १२ किलोमीटर वेगाने त्यासाठी चाकांवर सुमारे ९ अश्वशक्ती पुरते.

आता पाच टक्के चढ आला, म्हणजे दर १०० मीटरला ५ मीटर उंची. दहा टनांचे पाच टक्के म्हणजे आणखी ५०० किलोचा ओढ. एकूण ७०० किलो. त्याच वेगाने चाकांवर ३१ अश्वशक्ती लागते. गिअरबॉक्समध्ये वाया जाणारी ताकद धरली तर इंजिनाला ३६च्या आसपास द्यावी लागते. म्हणजे काम साडेतीन पट झाले, आणि तीन किलोमीटरचा चढ असेल तर ते सलग १५ मिनिटे चालते. नांगरणीतही इंजिनावर भार येतो, पण तासाच्या टोकाला वळताना त्याला क्षणभर उसंत मिळते. घाटात ती मिळत नाही.

मग ऑइलवर नेमका ताण कुठे येतो?

क्रँक आणि त्याचे बेअरिंग यांच्यामध्ये ऑइलचा अगदी पातळ थर असतो. लोखंड लोखंडाला लागू नये हे काम तो थर करतो. त्याची जाडी तीन गोष्टींवर ठरते : ऑइल किती घट्ट आहे, क्रँक किती वेगाने फिरतो आहे आणि त्यावर दाब किती आहे. ऑइल घट्ट आणि फेरे जास्त असले की थर जाड राहतो. दाब वाढला की तो पातळ होतो.

भरल्या ट्रॉलीने वरच्या गिअरमध्ये घाट चढताना या तिन्ही गोष्टी एकाच वेळी बिघडतात. सिलिंडरमधला दाब वाढलेला असतो. इंजिन ‘दबल्यामुळे’ फेरे उतरलेले असतात. आणि उष्णतेने ऑइल पातळ झालेले असते. त्यात भर म्हणजे ऑइल पंप, पाण्याचा पंप आणि रेडिएटरचा पंखा हे सगळे इंजिनाच्याच फेऱ्यांवर चालतात. फेरे उतरले की ऑइल कमी फिरते, पाणी कमी फिरते आणि वाराही कमी लागतो. ताशी १० ते १२ किलोमीटरच्या वेगात समोरून येणाऱ्या वाऱ्याचा आधार नसतोच. जेव्हा गारव्याची सर्वांत जास्त गरज असते, नेमका तेव्हाच तो कमी पडतो.

उष्णतेचा परिणाम किती मोठा असतो? नेहमीचे १५डब्ल्यू-४० ऑइल ४० अंशांना जितके घट्ट असते, त्याच्या साधारण सातव्या भागाइतकेच १०० अंशांना उरते. हे अपेक्षितच असते, इंजिन त्याच हिशेबाने बनवलेले असते. पण तापमान १०० वरून १२० अंशांवर गेले की उरलेल्या घट्टपणातला जवळपास एक तृतीयांश आणखी जातो. शिवाय ऑइल खराब होण्याचा वेग वाढतो. ढोबळ नियम असा की दर १० अंशांना तो दुप्पट होतो.

घट्ट ऑइल टाकले तर प्रश्न सुटत नाही का?

डब्यावरच्या आकड्यांचा अर्थ आधी पाहू. १५डब्ल्यू-४० मधला पहिला आकडा थंडीत ऑइल किती सहज वाहते ते सांगतो, दुसरा आकडा १०० अंशांना ते किती घट्ट राहते ते. यवतमाळच्या थंडीत १५डब्ल्यू आणि २०डब्ल्यू दोन्ही चालून जातात. घाटासाठी महत्त्वाचा असतो तो दुसरा आकडा.

तो ४० वरून ५० केला तर गरम बेअरिंगमध्ये थर थोडा जाड राहतो, हे खरे. पण घट्ट ऑइल घुसळण्यात जास्त ताकद खर्च होते आणि त्याचीही उष्णताच होते. पहाटे गाडी सुरू करताना ते वरच्या भागांपर्यंत उशिरा पोचते. फिल्टरमधून सहज जात नसेल तर फिल्टरचा बायपास व्हॉल्व्ह उघडतो आणि ऑइल न गाळताच पुढे जाते. म्हणून मॅन्युअलमध्ये बाहेरच्या तापमानानुसार जो ग्रेडचा तक्ता असतो, त्याच्या आतच निवड करावी. तक्त्यात एप्रिल-मेच्या तापमानासाठी जास्त घट्ट ग्रेड दिलेला असेल तर तो उन्हाळ्यात जरूर वापरावा. तक्त्याबाहेरचा ग्रेड नको.

ग्रेडइतकीच महत्त्वाची डब्यावरची दुसरी खूण म्हणजे दर्जा, उदाहरणार्थ एपीआय सीएच-४ किंवा सीआय-४. भाराखाली डिझेल जास्त जळते, काजळी आणि आम्ल जास्त तयार होते. काजळी तरंगत ठेवणे आणि आम्ल मारणे हे ऑइलमधल्या मिश्रणद्रव्यांचे काम असते. सुट्या ऑइलमध्ये घट्टपणा बरोबर असू शकतो, पण ही द्रव्ये किती आहेत हे हाताला लावून कळत नाही. बोटाने चिकटपणा पाहून ऑइल पारखणारा मिस्त्री निम्मीच परीक्षा करत असतो.

खरा उपाय गिअरमध्ये कसा?

वरचेच उदाहरण पुढे नेऊ. चढ सुरू होण्यापूर्वी चालकाने गिअर खाली घेतला आणि ताशी १२ ऐवजी ८ किलोमीटरने, इंजिन १९०० फेऱ्यांवर ठेवून चढला. ओढ तोच, ७०० किलो. पण वेग कमी असल्याने चाकांवर २१ अश्वशक्ती पुरते. वरच्या गिअरमध्ये फेरे १४०० वर उतरले असते आणि इंजिन आपली सगळी ताकद लावत असते. त्या तुलनेत खालच्या गिअरमध्ये प्रत्येक फेऱ्याला येणारा जोर जवळपास निम्मा होतो, फेरे तिसऱ्या हिश्श्याने वाढतात, आणि पंखा व पंप पूर्ण काम करतात. दाब, फेरे आणि उष्णता या तिन्ही गोष्टी एकदम सुधारतात.

याची किंमत किती? तीन किलोमीटरच्या चढाला १५ ऐवजी साडेबावीस मिनिटे. म्हणजे एका खेपेला साडेसात मिनिटे. कोणताही महागडा डबा यापेक्षा जास्त फायदा देणार नाही. अडचण एवढीच की खेपेवर पैसे मिळणाऱ्या चालकाला ही मिनिटे परवडत नाहीत, आणि इंजिनाचा खर्च मात्र मालकाला येतो. ट्रॉलीत किती भरायचे हे तर बहुधा तिसराच कोणी ठरवतो. ट्रॉलीच्या आरसी बुकात नोंदलेल्या वजनापेक्षा दोन टन जास्त भरले, तर वरच्या हिशेबात १४० किलोचा ओढ आणखी वाढतो. मालकाने खेपांची संख्या ठरवतानाच घाटाचा वेळ धरला पाहिजे. ऑइलचा वाद त्यानंतरचा.

बिघाड आधी कसा ओळखावा?

ऑइल प्रेशरचा दिवा बहुतेक गाड्यांत दाब अगदी तळाला गेल्यावरच लागतो. त्यामुळे तो लागला म्हणजे आधीच उशीर झालेला असतो. त्याआधीच्या खुणा पाहाव्या लागतात. घाटमाथ्यावर गाडी उभी केल्यावर मंद फेऱ्यांवर दिवा लुकलुकत असेल, तर ऑइल फार पातळ झाले आहे किंवा बेअरिंग झिजले आहे. अशा वेळी पुढची खेप करू नये. ब्रीदरमधून धुराचा जोर वाढणे ही रिंग-लायनर झिजल्याची खूण असते.

ऑइलची पट्टी गाडी सपाट जागी उभी करून, इंजिन बंद केल्यावर काही मिनिटांनी पाहावी. पातळी कमी असेल तर चढावर ऑइल चेंबरच्या मागच्या बाजूला सरकते आणि पंप हवा ओढू शकतो. सात लिटरच्या चेंबरमध्ये एक लिटर कमी असेल तर उरलेल्या सहा लिटरांना सगळी उष्णता वाहावी लागते. वरच्या खुणेच्याही वर भरणे तितकेच वाईट, कारण क्रँक ऑइल घुसळून फेस करतो. आणि न टाकता पातळी वाढलेली दिसली, डिझेलचा वास आला, तर ऑइलमध्ये डिझेल उतरते आहे. ते कितीही महागडे असले तरी आता पातळच. आधी नोझल आणि पंप तपासावा, मग ऑइल बदलावे.

माथ्यावर पोचल्यावर इंजिन लगेच बंद करू नये. टर्बो असलेल्या इंजिनात तर दोन-तीन मिनिटे मंद चालू ठेवणे आवश्यकच, नाहीतर टर्बोच्या तापलेल्या बेअरिंगमध्ये थांबलेले ऑइल करपते. आणि उतारावर डिझेल वाचवायला न्यूट्रल करणे हा जिवाशी खेळ आहे. ज्या गिअरमध्ये चढलो, त्याच गिअरमध्ये उतरावे.

ऑइल कधी बदलावे?

अनेक ट्रॅक्टरांच्या मॅन्युअलमध्ये २५० तास लिहिलेले असतात. पण जुन्या यांत्रिक मीटरचे तास घड्याळाचे नसतात, ते इंजिनाच्या फेऱ्यांवर मोजले जातात. दबलेले इंजिन कमी फेरे घेते, म्हणून घाटातला एक तास मीटरवर त्याहून कमी दिसतो. ऑइलचे हाल सर्वांत जास्त, आणि नोंद सर्वांत कमी.

यापेक्षा खरी मोजणी डिझेलची असते. वरच्या उदाहरणातला ट्रॅक्टर सपाट रस्त्यावर तासाला सुमारे तीन लिटर जाळेल, घाटात पूर्ण भारावर आठच्या जवळपास. काजळी, आम्ल, उष्णता हे सगळे जळलेल्या डिझेलबरोबरच येते. एका ऑइलवर वर्षभराच्या साध्या कामात किती डिझेल जाते ते मालकाने वहीत लिहावे, आणि हंगामात तेवढे लिटर झाले की मीटर काहीही दाखवो, ऑइल व फिल्टर बदलावा. मॅन्युअलमध्ये जड कामासाठी कमी तास दिले असतील तर तेच पाळावेत. घट्ट ऑइलच्या डब्यावर जास्तीचे पैसे घालण्यापेक्षा ही वही आणि चढाआधी घेतलेला खालचा गिअर इंजिन जास्त टिकवतो.