मीटरचा फोटो डिलीट झाला? बिलाची चूक आकडे लिहूनही दाखवता येते

वीजबिलाची तक्रार करायची आहे आणि मीटरचा फोटो मोबाईलमधून उडाला, तरी अडत नाही. साध्या घरगुती मीटरवरचा kWh आकडा वाढतच जातो, मागे येत नाही. त्यामुळे आजचे रीडिंगही आधीच्या बिलाची चूक उघडी पाडू शकते.

समजा, लाखनीतल्या एका घराच्या महावितरण बिलावर मागील रीडिंग 4302, चालू रीडिंग 4816 आणि वापर 514 युनिट आहे. रीडिंगच्या तारखेनंतर सात दिवसांनी मीटर 4446 दाखवतो. म्हणजे 4816 हा आकडा अजून आलेलाच नाही. बहुधा 4416 चे 4816 झाले. तसे असेल तर वापर 114 युनिटच.

अर्जात ग्राहक क्रमांक, मीटर क्रमांक, बिलावरची दोन्ही रीडिंग आणि आजचा आकडा तारीख-वेळेसह लिहा. डिस्प्ले फिरता असतो. kW किंवा V चा आकडा उचलला तर हिशेबच फसतो. मीटर क्रमांक बिलाशी जुळवा, मीटर बदललेला असल्यास ही तुलना चालत नाही.

लिहिलेला आकडा शेवटी ग्राहकाचाच शब्द. म्हणून त्याच अर्जात प्रत्यक्ष मीटर तपासणी मागा, आणि लवकर मागा. रोज चार-सव्वाचार युनिटने हा मीटर सुमारे तीन महिन्यांत 4816 ओलांडेल. मग नुसत्या डिस्प्लेवरून चूक दिसणार नाही.