आधी काउंटरच्या बाहेर या

मे महिन्यातला शनिवार, महाबळेश्वर. समजा, इंदूरहून रात्रभर गाडी चालवून आलेलं कुटुंब लॉबीत उभं आहे. चेक-इन दोनचं, वाजलेत अडीच, पैसे आगाऊ भरलेले. सोबतच्या आजी थकल्या आहेत आणि खोली अजून साफ होते आहे. वडिलांचा आवाज चढतो. रांगेतले सगळे वळून बघतात.

अशा वेळी रिसेप्शनवरच्या माणसानं आधी काउंटरच्या बाहेर यायला हवं. मधलं टेबल भांडणाला धार आणतं. पाहुण्याच्या अगदी समोर न ठाकता जरा तिरकं, हातभर अंतर राखून उभं राहावं आणि सोफ्याकडे न्यावं. प्रेक्षक कमी झाले की माणसाला माघार घेणं सोपं जातं. "आजी, आधी बसा, पाणी घ्या." हिंदी पाहुण्यांना: "माताजी, पहले आप बैठिए, पानी लीजिए."

मग ऐकायचं, मध्ये न तोडता. "शांत व्हा" हे शब्द इथे सर्वांत घातक, कारण त्यात चूक पाहुण्याची ठरते. "आमचा नियम आहे" हेही तसंच. त्यांचं बोलून झालं की तक्रार त्यांच्याच तपशिलांसह परत सांगावी. "साहेब, खोली दोनला मिळायला हवी होती, अडीच वाजले, आणि आजींना पडायचंय. माफ करा, उशीर आमच्याकडून झाला." हिंदीत: "सर, कमरा दो बजे मिलना था, ढाई बज गए, और माताजी को आराम चाहिए. माफ़ कीजिए, देरी हमारी तरफ़ से हुई है." पाहुणा तेच वाक्य तिसऱ्यांदा म्हणू लागला, तर आपलं ऐकलं गेलंय असं त्याला अजून वाटलेलं नाही. तेव्हा उपाय सांगायची घाई करू नये.

वेळ सांगण्याआधी हाउसकीपिंगला फोन करावा. ते वीस मिनिटं म्हणाले, तर पाहुण्याला तीस सांगावीत. "दोनच मिनिटं" हे खोटं आश्वासन दुसरं भांडण ओढवून आणतं. सोबत पर्याय द्यावेत: "तीन वाजता खोली देतो. तोवर जेवून घेता, की आजींसाठी दुसरी खोली उघडू?" "तीन बजे कमरा दे दूँगा. तब तक खाना खाएँगे, या माताजी के लिए दूसरा कमरा खोल दूँ?"

ती दुसरी खोली उघडायचा अधिकार मात्र काउंटरवरच्याला हवा. रिट्झ-कार्लटन कर्मचाऱ्यांना वरिष्ठांना न विचारता एका पाहुण्यामागे 2,000 डॉलरपर्यंत खर्च करू देते. छोट्या हॉटेलमालकानं चहा-जेवणापुरती मुभा दिली, तरी पुष्कळ प्रसंग निभावतात.

पाहुणा दारूच्या नशेत असेल किंवा अंगावर धावून आला, तर हे काही चालत नाही. त्याला हात न लावता मागे सरून ड्युटी मॅनेजर आणि सुरक्षारक्षकाला बोलवावं.

तीनला पाच मिनिटं असताना स्वतः सोफ्यापाशी जावं, खोली तयार असो वा नसो. नंतर लॉगबुकात खोली क्रमांक, तक्रार आणि दिलेला शब्द लिहावा, म्हणजे रात्रपाळीवाला आजींची चौकशी करू शकेल.