विमान सहाचं, काउंटर पाचचा

दिवाळीपासून जानेवारीपर्यंत आपल्या व्यवसायातल्या बहुतेकांच्या टेबलावर एक प्रवास हमखास येतो. परदेशातला मुलगा किंवा मुलगी मुंबईपर्यंतचं तिकीट स्वतःच काढते आणि मुंबई ते नागपूर, कोल्हापूर किंवा छत्रपती संभाजीनगर एवढंच तिकीट आपल्याकडे मागते. मध्ये साडेतीन तास आहेत, पुरतील ना, असा प्रश्न येतो आणि आपण पुरतील म्हणतो. हे उत्तर कुठल्या हिशेबावर दिलं जातं, तो हिशेब या अंकात मांडायचा आहे.

बरेचजण मनात एमसीटीचा, म्हणजे जोडणीसाठी ठरवलेल्या किमान वेळेचा, आकडा धरतात. प्रत्येक विमानतळासाठी तो देशांतर्गत ते देशांतर्गत, देशांतर्गत ते आंतरराष्ट्रीय आणि त्यांच्या उलट अशा चार प्रकारांत नोंदवलेला असतो. टर्मिनलच्या जोडीप्रमाणे तो बदलतो, आणि विमान कंपन्या आपापले अपवादही नोंदवतात. पहिलं विमान वेळापत्रकानुसार पार्किंगवर थांबतं तेव्हापासून दुसरं वेळापत्रकानुसार जागा सोडतं तोपर्यंत हा वेळ मोजला जातो. अॅमेडियसमध्ये पीएनआर उघडून `DMI` दिलं की प्रवासातल्या जोडण्या या आकड्यांशी ताडून मिळतात.

पण तो आकडा एका तिकिटासाठी आहे. बॅगला शेवटच्या गावाचा टॅग लागलाय, पुढचा बोर्डिंग पास आधीच हातात आहे आणि जोडणी चुकली तर पुढची सोय कंपनी करणार आहे, हे सगळं त्यात गृहीत धरलेलं असतं. आपल्या ग्राहकाकडे मात्र दोन तिकिटं आहेत. ती दोन पीएनआरमध्ये आहेत आणि त्यातला एक तर आपल्या सिस्टिममध्येही नाही. एक पीएनआर दुसऱ्याला ओळखत नाही, त्यामुळे कुठलाही इशारा येत नाही. पडद्यावर सगळं ठीक दिसतं, कारण तपासायला तिथे जोडणीच नसते.

अशा प्रवाशाची खरी मुदत विमान सुटण्याच्या वेळेला संपत नाही. बॅग घेणारा काउंटर बंद होतो तेव्हाच ती संपते. देशांतर्गत विमानासाठी तो साधारण 60 मिनिटं आधी बंद होतो. आंतरराष्ट्रीयसाठी काही कंपन्या 60, काही 75 मिनिटं आधी बंद करतात. वेब चेक-इन केलं असेल तरी बॅग द्यायला काउंटरवर जावंच लागतं. बोर्डिंग पास मोबाइलवर आलाय म्हणजे काम झालं, अशी ग्राहकाची समजूत असते आणि आपणही ती मोडत नाही.

आता मुंबईचा हिशेब करू. समजा, आखातातून येणारं विमान टर्मिनल 2 वर, सहारला, 14:30 ला लागतं. पुढचं नागपूरचं विमान 18:00 चं, वेगळ्या तिकिटावरचं आणि सांताक्रूझच्या टर्मिनल 1 वरून. विमान अगदी वेळेवर आलं असं धरू. दारं उघडून मागच्या रांगेतला प्रवासी बाहेर पडेपर्यंत 14:55 होतात. लांबलचक मार्गिका चालून इमिग्रेशन आटोपेपर्यंत 15:35. तोवर बॅगा पट्ट्यावर यायला लागलेल्या असतात, पण प्रवाशाच्या दोन्ही बॅगा हातात यायला 15:55. कस्टम्समधून बाहेर 16:05. इथपर्यंत काहीही बिघडलेलं नाही.

यानंतर टर्मिनल बदलायचं. विमानतळाची मोफत बस असते, पुढचं तिकीट दाखवून तिच्यात बसता येतं. पण बसचा थांबा शोधणं, सामान चढवणं आणि बस सुटण्याची वाट बघणं यात वीस मिनिटं जातात. दोन्ही टर्मिनल एकाच विमानतळाची असली तरी मधला रस्ता शहराचा आहे आणि संध्याकाळी चारनंतर तो शहरासारखाच वागतो. पंचवीस मिनिटं धरू, म्हणजे टर्मिनल 1 च्या दाराशी 16:50. दारावर सीआयएसएफची ओळखपत्र आणि तिकीट तपासणी होऊन आत 17:00. बॅगेच्या रांगेतून काउंटरपर्यंत 17:20. काउंटर मात्र 17:00 लाच बंद झालेला असतो. साडेतीन तास हातात होते, कुठेही उशीर झाला नाही, तरी प्रवासी वीस मिनिटांनी चुकला.

हे आकडे गर्दीच्या दिवसाचे अंदाज आहेत. सकाळी सहाला उतरणाऱ्याचा रस्ता मोकळा असेल, आणि हातसामानावर आलेल्या तरुणाची अर्धी वजाबाकी तशीच गळून पडेल. पण नागपूरचं तेच 18:00 चं विमान टर्मिनल 2 वरूनच सुटणारं असतं, तर 16:05 ला कस्टम्समधून निघालेला प्रवासी लिफ्टने वर जाऊन 16:25 पर्यंत काउंटरवर पोचला असता. पस्तीस मिनिटं शिल्लक राहिली असती. म्हणजे या उदाहरणात टर्मिनल बदलाची किंमत 55 मिनिटं. भाड्यात पाचशे-सातशे रुपये वाचतात म्हणून टर्मिनल 1 चं विमान निवडताना ग्राहकाला हे सांगितलं जातं का? बहुधा नाही, कारण तिकीट काढताना आपण स्वतःच टर्मिनलचा रकाना वाचत नाही. मुंबईत एकाच कंपनीची विमानं दोन्ही टर्मिनलवरून सुटतात, त्यामुळे कंपनीच्या नावावरून टर्मिनल ठरवणं तर अजिबात चालत नाही.

वरच्या हिशेबात बाहेर यायला आणि पोचायला दोन तास पन्नास मिनिटं लागली. त्यात काउंटरचा एक तास मिळवा आणि पहिल्या विमानाला एक तास उशीर धरा, कारण तेवढा उशीर ही काही बातमी नसते. बेरीज चार तास पन्नास मिनिटं. म्हणून दोन तिकिटं, बॅग आणि टर्मिनल 2 वरून 1 असा प्रवास असेल तर पाच तासांच्या आत तो विकू नये, असं आमचं मत आहे. व्हीलचेअर मागितलेले आईवडील असतील तर सहा तास. व्हीलचेअर देणारा माणूस एका टर्मिनलच्या दारापर्यंत येतो. पुढच्या टर्मिनलवर पुढच्या कंपनीकडे नव्याने मागावी लागते आणि मधल्या बसप्रवासात कोणीच नसतं. ग्राहकाला सहा तास फार वाटतील. मग टर्मिनल 2 वरचंच विमान शोधा, किंवा संपूर्ण प्रवास एका तिकिटावर घ्यायला सांगा.

एका तिकिटावरही भारतात पहिल्यांदा उतरल्यावर इमिग्रेशन आणि कस्टम्स तिथेच, हा सर्वसाधारण नियम. टॅगवर NAG असलं तरी मुंबईत बॅग पट्ट्यावरून उचलून कस्टम्सनंतर ट्रान्सफर काउंटरवर पुन्हा द्यावी लागते. अमेरिकेत हा नियम अधिक काटेकोर आहे. मुंबईहून न्यूयॉर्कमार्गे पुढे जाणाऱ्याने जेएफकेवर बॅग घ्यायची आणि कस्टम्सच्या बाहेरच असलेल्या पट्ट्यावर पुन्हा टाकायची. टॅग शेवटच्या गावाचा आहे म्हणून ज्येष्ठ प्रवासी बॅग न घेताच पुढे जातात. पुढचं तिकीट वेगळं असेल तर मात्र तो पट्टाही उपयोगाचा नाही. मग बॅगा घेऊन एअरट्रेनने दुसरं टर्मिनल गाठायचं आणि तिथल्या काउंटरच्या रांगेत उभं राहायचं. अबू धाबीमार्गे जाणाऱ्यांचं चित्र वेगळं. तिथे अमेरिकेची पूर्वतपासणी होते, त्यामुळे अमेरिकेत ते देशांतर्गत प्रवाशासारखे उतरतात.

लंडनमध्ये वेळेपेक्षा व्हिसाचा प्रश्न आधी येतो. भारतीय पासपोर्टवर केवळ विमानतळाच्या आतून जाण्याचा ट्रान्झिट व्हिसा घेतलेल्या माणसाला ब्रिटनची सीमा ओलांडता येत नाही. दोन तिकिटांमुळे बॅग बाहेरच्या पट्ट्यावर आली, तर ती आणायला तो जाऊच शकत नाही. दहा तासांचं अंतर ठेवलं तरी उपयोग शून्य. अशा प्रवाशाला पहिल्या काउंटरवरच उतरवलं जाण्याची शक्यता असते.

उलट्या दिशेचा, म्हणजे नागपूरहून निघून मुंबईमार्गे परदेशी जाणारा प्रवास वेगळ्या कारणाने धोक्याचा. इकडे हुकलं तर जाणाऱ्या विमानासोबत परतीचंही तिकीट रद्द होतं, कारण पहिला टप्पा वापरला नाही की पुढचे टप्पे सिस्टिम आपोआप काढून टाकते. उशीर दिसताच, विमान सुटण्याआधी, कंपनीला कळवलं तर काही वाट निघू शकते. सुटल्यानंतर फक्त नो-शोचा दंड उरतो. वजनाचाही घोळ इथेच होतो. परदेशी तिकिटावर 23 किलोच्या दोन बॅगा आणि वेगळ्या देशांतर्गत तिकिटावर 15 किलो. जादा वजनाचे पैसे भरायला प्रवाशाला दुसऱ्या खिडकीवर पाठवतात, मग तो पुन्हा रांगेत येतो. जादा वजन आधीच ऑनलाइन विकत घेऊन ठेवलं तर पैसे आणि ही पंधरा-वीस मिनिटं दोन्ही वाचतात. या दिशेला आम्ही तर आदल्या दिवशी मुंबईत पोचण्याचाच आग्रह धरू. एका रात्रीचं हॉटेल नव्या तिकिटापेक्षा स्वस्तच पडतं.

तिकीट दिल्यानंतरही काम संपत नाही. सुटण्याची वेळ तीच ठेवून फक्त टर्मिनल बदललं, तर वेळापत्रक बदलल्याच्या सूचनेसारखा गाजावाजा होत नाही. ग्राहकाला कंपनीचा एखादा संदेश जातो आणि तो इतर संदेशांत हरवतो. म्हणून निघण्याच्या आठवडाभर आधी आणि आदल्या दिवशी दोन्ही तिकिटांचं टर्मिनल पुन्हा बघावं. प्रवासाच्या कागदावर विमान सुटण्याच्या वेळेच्या वर, मोठ्या अक्षरांत, काउंटर बंद होण्याची वेळ आणि टर्मिनल लिहावं. विमानाची वेळ ग्राहक तशीही वाचतोच.

आणि आता नवी मुंबई. 25 डिसेंबर 2025 पासून तिथून विमानं सुरू झाली आणि त्या विमानतळाचा कोड NMI आहे. शोधताना 'मुंबई' असं शहराचं नाव टाकलं की BOM आणि NMI दोन्हीकडची विमानं एकाच यादीत दिसू शकतात, आणि भाड्याच्या क्रमाने लावली तर कोणतंही वर येऊ शकतं. सहारला उतरून उलव्याला जाणं म्हणजे दुसऱ्या शहराच्या विमानतळावर जाण्यासारखंच आहे. मध्ये खाडी आहे, टॅक्सी स्वतःच्या खर्चाची आहे आणि टर्मिनलमधल्या मोफत बसचा इथे संबंध नाही. वरच्या हिशेबातली पंचवीस मिनिटं इथे काढून टाका आणि त्या वेळी नकाशा जेवढा वेळ दाखवेल त्याच्या दीडपट धरा. पाच तासांचा आमचा आकडा या जोडीला लागू नाही. बॅग असलेल्या प्रवाशाला BOM वर उतरवून NMI वरून पुढे पाठवणारं बुकिंग ग्राहकाने स्वतः आग्रह धरला तरच करावं, आणि तोही लेखी.