चुकलेल्या गणिताला आधी विचारा

विद्यार्थी मित्रांनो,

शिक्षक दिनाच्या भित्तिपत्रकासाठी 'माझे गुरुजी' या विषयावर चार शब्द लिहून द्या, असे तुमच्या संपादक मंडळातील मुले मला सांगायला आली. मी या शाळेचा माजी विद्यार्थी. आज एस.टी.मध्ये वाहक आहे. गुरुजी या वर्षी उन्हाळ्यात वारले. तुमच्यापैकी कुणीही त्यांना पाहिलेले नाही. म्हणून ते किती थोर होते हे सांगत बसत नाही. त्यांच्या हातून एकदा एक चूक झाली आणि ती त्यांनी कशी सुधारली, तेवढेच सांगतो. त्यावरून माझे एक मत बनले आहे, तेही शेवटी मांडतो.

१९८१ साली मी तिसरीत होतो. एकाच खोलीत तिसरी आणि चौथी बसत. गुरुजी एकटेच. एका शुक्रवारी त्यांनी फळ्यावर वजाबाकीची चार गणिते घातली. माझी उत्तरे अशी आली:

८५ − २३ = ६२
५२ − २७ = ३५
६४ − ३८ = ३४
७१ − ४६ = ३५

पहिले बरोबर, बाकी तिन्ही चूक. गुरुजींनी तीन फुल्या मारल्या आणि हातावर दोन छड्या दिल्या. "लक्ष कुठं असतं रे तुझं?" म्हणाले. लक्ष तर माझे वहीतच होते. पण तसे उलट बोलायची त्या वेळी पद्धत नव्हती.

दुसऱ्या दिवशी शनिवारचा बाजार. आमचे आबा घायपाताचे दोर वळून विकत. सकाळची शाळा सुटली की मी त्यांच्याजवळ जाऊन बसायचो. त्या दिवशी आबा चहाला गेले असताना एका शेतकऱ्याने २७ रुपयांचे दोर आणि दावी घेतली व ५० ची नोट दिली. मी मातीत बोटाने हिशेब केला आणि ३७ रुपये परत दिले. द्यायचे होते २३. चौदा रुपये जास्त गेले! आमच्या घरी चौदा रुपये म्हणजे आठवड्याचा किराणा. संध्याकाळी आबांनी पैसे मोजले आणि कपाळाला हात लावला.

सोमवारी आबा माझा हात धरून शाळेत आले. दारातूनच म्हणाले, "गुरुजी, पोराच्या टकुऱ्यात काय शिरत न्हाई. नाव काढून द्या. दोर तरी वळंल."

गुरुजींनी त्यांना आत बोलावून खुर्ची दिली, पण आबा खाली सतरंजीवरच बसले. गुरुजींनी बाजारातली सगळी हकिगत ऐकून घेतली. मग मला जवळ बोलावून विचारले, "बाळ, सदतीस कसे आले? कसं केलंस ते सांग बरं."

'कसं केलंस' असे मला तोपर्यंत कुणीच विचारले नव्हते. मी भीत भीत सांगितले, "सातातून शून्य गेले, सात राहिले. पाचातून दोन गेले, तीन राहिले."

"अरे, पण शून्य वर आहे आणि सात खाली. सातातून शून्य का घालवलेस?"

"गुरुजी, तुम्हीच सांगितलंय, लहानातून मोठी संख्या जात नाही. म्हणून मग मोठीतून लहान घालवली."

गुरुजी काही बोलले नाहीत. त्यांनी माझी वही मागितली आणि शुक्रवारची गणिते पाहिली. ५२ मधून २७ घालवताना मी सातातून दोन घालवले होते. ६४ मधून ३८ घालवताना आठातून चार. ७१ मधून ४६ घालवताना सहातून एक. पहिल्या गणितात खालचा अंक लहानच होता, म्हणून तेवढे बरोबर आले. माझ्या हातून चुकून काही झाले नव्हते. गुरुजींनी सांगितलेले वाक्य मी तिन्ही वेळा इमानाने पाळले होते. फक्त ते वाक्य अर्धे होते. सुट्यांतून जात नसेल तर एक दशक सुटा करायचा, हे पुढचे अर्धे माझ्या डोक्यात उतरलेच नव्हते.

गुरुजी वही मिटून सगळ्या वर्गासमोर आबांना म्हणाले, "पोराचं डोकं ठीक आहे. शिकवण्यात माझं चुकलं. शुक्रवारी मी याला मारलं, तेही चुकलं. दिवाळीपर्यंत राहू द्या शाळेत. तोवर नाही जमलं तर खुशाल न्या."

गुरुजी 'माझं चुकलं' म्हणतात, हे त्या दिवशी आम्ही प्रथमच ऐकले. चौथीची मुलेसुद्धा गप्प झाली होती.

दुपारी गुरुजींनी खराट्याच्या काड्या मोडून सारख्या केल्या. दहा-दहा काड्यांचे पाच गठ्ठे सुतळीने बांधले आणि दोन काड्या सुट्या ठेवल्या. हे झाले ५२. मग म्हणाले, "यातल्या मला २७ दे." मी दोन सुट्या काड्या दिल्या. अजून पाच सुट्या हव्यात आणि हातात तर सगळे गठ्ठेच! मी गुरुजींच्या तोंडाकडे पाहिले. ते काही सांगेनात. शेवटी मीच एका गठ्ठ्याची सुतळी सोडली. दहा काड्या सुट्या झाल्या. त्यांतल्या पाच दिल्या, पाच राहिल्या. मग दोन गठ्ठे दिले. माझ्याकडे दोन गठ्ठे आणि पाच काड्या उरल्या, म्हणजे २५. गुरुजी म्हणाले, "आता हेच पाटीवर कर. गठ्ठा सोडलास की दशकाच्या घरात एक कमी कर. सोडलेल्या दहा काड्या सुट्यांत मिळव." हातच्याची वजाबाकी मला त्या सुतळीने शिकवली.

पण मित्रांनो, एकदा समजले की झाले, असे नसते. पंधरा दिवसांनी ४०२ वजा १७८ हे गणित आले आणि मी पुन्हा जुन्याच वाटेने जाऊन ३७६ लिहिले. मधल्या घरात शून्य, म्हणजे सोडायला गठ्ठाच नाही! या वेळी गुरुजींनी छडीला हात लावला नाही. ४०० काड्या आणायच्या कुठून? म्हणून त्यांनी कागदाच्या नोटा केल्या. शंभराच्या चार आणि एक-एकच्या दोन. "दहाची नोट नाही ना? मग काय करशील बाजारात?" मी म्हणालो, "शंभराची मोडीन." शंभराची एक मोडून दहाच्या दहा घेतल्या. त्यांतली एक मोडून एक-एकच्या दहा घेतल्या. आता शंभराच्या तीन, दहाच्या नऊ आणि एकच्या बारा नोटा झाल्या. बारातून आठ गेले चार, नवातून सात गेले दोन, तिनातून एक गेला दोन. उत्तर २२४. दोर विकणाऱ्याच्या पोराला काड्यांपेक्षा नोटा लवकर समजल्या.

त्या वर्षापासून गुरुजींनी एक वही घातली. तिला आम्ही 'चुकांची वही' म्हणायचो. तीत मुलाचे नाव नसे. फक्त चूक, आणि मुलाने ती कशी केली हे त्याच्याच शब्दांत. आमच्या वर्गातला एक मुलगा 'बावन्न' म्हटले की २५ लिहायचा. गुरुजींनी विचारल्यावर म्हणाला, "बा म्हणजे दोन, ते आधी ऐकू येतं, म्हणून आधी लिहिलं." खरेच आहे. आपण बोलताना आधी सुटे म्हणतो आणि लिहिताना आधी दशक लिहितो. एक मुलगी एकोणपन्नासला ५९ लिहायची, कारण तिला 'पन्नास' एवढेच ओळखीचे वाटे. एकोण म्हणजे एक कमी, हे तिला कुणी सांगितलेच नव्हते. त्या दोघांसाठी गुरुजी काही दिवस 'पन्नास दोन म्हणजे बावन्न', 'चाळीस नऊ म्हणजे एकोणपन्नास' असे म्हणून घेत. पुढे २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' असे संख्यावाचन आले आणि वर्तमानपत्रांत मोठा वाद झाला, तेव्हा मला गुरुजींचीच आठवण झाली.

आता माझे मत सांगतो. चूक दिसली की लगेच फुली मारू नये. आधी 'कसे केलेस?' असे विचारावे. कुणी म्हणेल, एवढ्या मुलांना विचारत बसायचे तर शिकवायचे केव्हा? हे म्हणणे खोटे नाही. गुरुजींनाही सगळ्यांना रोज विचारणे जमत नसे. ते रोज दोनच मुले घेत. कोणती दोन, हे ते वह्या पाहून ठरवत. ज्याची चूक दर वेळी वेगळी, त्याची घाई झालेली असते. त्याला 'पुन्हा करून बघ' म्हटले की तो स्वतःच सुधारतो. पण ज्याची चूक दर वेळी एकसारखी, त्याच्या डोक्यात एक नियम पक्का बसलेला असतो. तो नियम त्याने कुठून तरी ऐकलेला असतो, कधी कधी आपल्याच तोंडून. त्याला शंभर गणिते घातली तरी तो शंभर वेळा तसाच चुकेल. त्यालाच जवळ बोलावून विचारायला हवे.

आणि मुलांनो, तुम्हांलाही एक सांगणे आहे. चुकलेले गणित ओल्या फडक्याने पटकन पुसून टाकू नका. आधी गुरुजींना, बाईंना दाखवा आणि आपण कसे केले ते सांगा. तुम्ही सांगितल्याशिवाय त्यांना ते कसे कळणार?

दिवाळीच्या बाजारात आबांनी मला पुन्हा दोरांजवळ बसवले आणि स्वतः मुद्दाम बाजूला जाऊन उभे राहिले. एका बाईंनी १८ रुपयांची दावी घेतली आणि ५० ची नोट दिली. मी मनातल्या मनात एक सुतळी सोडली आणि ३२ रुपये परत दिले. आबा काही बोलले नाहीत. शाळेतून नाव काढायची गोष्टही त्यांनी पुन्हा काढली नाही.

गुरुजींची ती वही पुढे कुठे गेली कोण जाणे. आपल्या शाळेत तशी नवी वही घालायची असेल तर पहिल्या पानावर माझी चूक लिहा. ५० वजा २७ बरोबर ३७. नाव घातले तरी चालेल.

गुरुजींना माझे विनम्र अभिवादन.

— एक माजी विद्यार्थी