मेहनती, प्रामाणिक, होतकरू

दरवर्षी एप्रिल उजाडला की आमच्या शिक्षकांच्या खोलीत एक पातळशी पुस्तिका हातोहात फिरू लागते. निकालाच्या नोंदवहीत प्रत्येक मुलासाठी ‘विशेष प्रगती’, ‘आवड/छंद’ आणि ‘सुधारणा आवश्यक’ असे रकाने भरायचे असतात. त्यासाठीची तयार वाक्यं या पुस्तिकेत छापलेली असतात. चाळीस-पन्नास मुलांच्या नोंदी दोन संध्याकाळी उतरवून व्हायच्या असतात, म्हणून आम्हीही ती उघडतो. ‘वर्गात शिस्तीने वागतो.’ ‘स्वाध्याय वेळेवर पूर्ण करते.’ आणि ज्या मुलाचं काहीच जमत नाही, त्याच्यापुढे ‘प्रयत्नशील आहे’. आई-वडील ते वाचून खूश होतात. पुढच्या वर्षीच्या बाईंना मात्र त्या एका शब्दाचा अर्थ बरोबर कळतो.

ही गोष्ट आठवली ती माझ्या धाकट्या भावामुळे. भिवंडीजवळ औषधांच्या एका घाऊक गोदामात तो व्यवस्थापक आहे. त्याच्या हाताखालचा एक मुलगा चार वर्षांनी काम सोडून पुण्याला चालला होता. तिथल्या एका औषध विक्रेत्याकडे गोदाम सांभाळण्याची जागा होती आणि त्यांनी आधीच्या वरिष्ठांचं पत्र मागितलं होतं. भाऊ रविवारी कागद घेऊन आला. “आपा, जरा भाषा बघ. इंग्रजी नंतर करून घेतो.”

कागदावर चार ओळी होत्या. सदर इसम मेहनती, प्रामाणिक व होतकरू आहे, सर्वांशी मिळूनमिसळून वागतो, त्याच्या उज्ज्वल भवितव्यासाठी शुभेच्छा.

मी म्हटलं, “यातून त्या पुण्याच्या माणसाला काय कळलं?”

“मुलगा चांगला आहे हे कळलं.”

“हेच पत्र तू तुझ्या ड्रायव्हरलाही देशील आणि हिशेबनीसालाही. त्या माणसाला तर गोदामाच्या चाव्या कुणाच्या हातात द्यायच्या ते ठरवायचंय.”

इथे एक फरक सांगायला हवा, कारण आपल्याकडे दोन्ही कागदांना लोक ‘सर्टिफिकेट’च म्हणतात. अनुभवाचा दाखला कंपनी देते. त्यात हुद्दा, रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख एवढंच असतं, आणि ते रजिस्टरवरून कुणीही लिहू शकतो. शिफारसपत्र एक माणूस दुसऱ्या माणसाबद्दल लिहितो. ती त्याची गवाही असते. म्हणूनच कंपनीच्या छापील कागदावर असं पत्र द्यायची परवानगी आहे का, हे आधी विचारून घ्यावं. नसेल तर स्वतःच्या नावानं, साध्या कागदावर लिहावं.

गवाही म्हटली की हजरत उमर (रजि.) यांच्याबद्दल सांगितला जाणारा प्रसंग आठवतो. एकानं दुसऱ्याच्या चांगुलपणाची ग्वाही दिली, तेव्हा त्यांनी विचारलं, तू त्याचा शेजारी आहेस का? त्याच्यासोबत प्रवास केलायस का? त्याच्याशी पैशाचा व्यवहार केलायस का? तिन्हीला ‘नाही’ असं उत्तर आल्यावर ते म्हणाले, मग तू त्याला ओळखत नाहीस. मी भावाला तेच विचारलं. तू या मुलाला कुठे, कशात पाहिलंस?

तेव्हा तो बोलू लागला. 2023 च्या पावसाळ्यातली रात्र. वीज गेली आणि जनरेटर चालू होईना. गोदामातल्या फ्रीजमध्ये इन्सुलिन होतं. ते 2 ते 8 अंशांत ठेवावं लागतं. गरम झालं तर बिघडतंच, पण गोठलं तरी फेकून द्यावं लागतं. हा मुलगा रात्रपाळीला एकटा होता. त्यानं माल बर्फाच्या पेट्यांत भरला, पण बर्फाच्या पिशव्या थेट औषधाला लागू नयेत म्हणून मध्ये पुठ्ठे घातले. प्रत्येक पेटीत थर्मामीटर ठेवून दर अर्ध्या तासानं आकडा लिहिला. सकाळी दोन पेट्यांचं तापमान 11 पर्यंत गेलेलं होतं. त्यानं त्या वेगळ्या ठेवल्या आणि वर चिठ्ठी चिकटवली, ‘विकू नये’. त्यानं त्या बाकीच्या मालात मिसळल्या असत्या तर कुणाला कळलंही नसतं.

“हे का नाही लिहिलंस?” मी विचारलं. तो गप्प झाला. मग हळूच म्हणाला, “हे लिहिलं तर दुसरंही लिहावं लागेल.”

दुसरं असं होतं. महिनाअखेरीला गोदामातला माल प्रत्यक्ष मोजून तो आकडा संगणकातल्या आकड्याशी ताडून पाहतात. औषधांत मोजणी बॅचप्रमाणे होते, कारण एखादी बॅच कंपनीनं परत मागवली तर ती किती उरली आणि किती गेली हे सांगता आलं पाहिजे. 2021 च्या ऑक्टोबर आणि नोव्हेंबरमध्ये या मुलानं काही कप्पे न मोजताच संगणकातला आकडा तक्त्यावर उतरवला आणि सही केली. ते कसं सापडलं? दोन्ही महिन्यांत त्या कप्प्यांत एका स्ट्रिपचाही फरक नव्हता. खरी मोजणी अशी नसते, एखादं फुटलेलं खोकं, चुकीच्या कप्प्यात गेलेली दोन पाकिटं निघतातच. भावानं स्वतः मोजलं तेव्हा तीन बॅचचे आकडे चुकीचे निघाले. माल चोरीला गेला नव्हता, फक्त इकडचा तिकडे झाला होता. तीन महिने त्याच्याकडून मोजणी काढून घेतली. मार्च 2022 पासून पुन्हा दिली आणि त्यानंतरच्या 27 मोजण्यांत एकही खोटा आकडा आढळला नाही.

“झालं गेलं,” भाऊ म्हणाला. “सुधारला तो. कशाला त्याच्या पोटावर पाय द्यायचा?”

त्याचं म्हणणं मला अगदीच चुकीचं वाटलं नाही. सुटलेल्या प्रत्येक गोष्टीची जंत्री पत्रात द्यायची नसते. पहिल्या वर्षी तो चारदा उशिरा आला होता, ते आम्ही लिहिलं नाही. त्याच्या घरची अडचण, आजारपण, पगार, लग्न, यांतलंही काही लिहिलं नाही, ते पत्राचं काम नव्हे. मी एकच कसोटी लावली. जी गोष्ट नव्या कामाच्या गाभ्याशी आहे, जी आपण स्वतः पाहिली आहे आणि जी पुढच्या मालकाला नंतर कळली तर ‘हे आम्हाला आधी का नाही सांगितलं’ असं तो म्हणेल, ती लिहायची. हा मुलगा पुण्याला गाडी चालवायला जात असता तर मोजणीचा विषय मी काढू दिला नसता. तो तर मोजणीच करायला चालला होता.

मग मी विचारलं, “त्या मोजण्या तो कधी करायचा?”

“बारा तासांची पाळी संपल्यावर.”

“एकटाच?”

“हो.”

“हे कोणी ठरवलं होतं?”

भाऊ खिडकीबाहेर बघत राहिला. मोजणीच्या तक्त्यावर दुसऱ्या सहीची जागाच नव्हती, आणि तो तक्ता त्यानंच बनवला होता. दुसऱ्याचा दोष प्रामाणिकपणे लिहायचा तर त्यातला आपला वाटाही त्याच वाक्यात यायला हवा. तो गाळला तर बाकी सगळं खरं असूनही ती गवाही एकतर्फी होते.

आडून सुचवण्याचा मार्गही असतो. जर्मनीत नोकरी सोडणाऱ्याला कामाचं प्रमाणपत्र मागायचा कायदेशीर हक्क आहे. ते खरं असावं आणि त्याच वेळी त्याच्या पुढच्या वाटेत विनाकारण काटे पेरणारं नसावं, अशी तिथल्या न्यायालयांची अपेक्षा. त्यातून तिथे एक सांकेतिक भाषाच तयार झाली. ‘त्यानं प्रयत्न केले’ असं लिहिलं की वाचणारा समजतो, याला जमलं नाही. आमच्या पुस्तिकेतल्या ‘प्रयत्नशील’चं हे सख्खं भावंडं. अशा शब्दाचा धोका हा, की ज्याच्याबद्दल लिहिलंय त्याला तो स्तुती वाटतो आणि उत्तर द्यायची संधीच मिळत नाही.

म्हणून आम्ही ठरवलं, आधी मुलाला दाखवायचं. तोवर पत्र असं झालं होतं:

‘मी या गोदामाचा व्यवस्थापक असून जून 2020 ते मे 2024 ही चार वर्षं यांचं काम रोज पाहिलं आहे. माल उतरवून घेणं, ज्याची मुदत आधी संपते तो आधी बाहेर काढणं आणि महिनाअखेरची मोजणी ही कामं त्यांच्याकडे होती. (इथे इन्सुलिनच्या रात्रीची हकीकत पाच ओळींत.) ऑक्टोबर व नोव्हेंबर 2021 मध्ये त्यांनी काही कप्पे न मोजता आकडे भरले. त्या वेळी ही मोजणी मी त्यांना बारा तासांच्या पाळीनंतर एकट्यानं करायला लावत होतो, ही माझी चूक होती. मालात तूट नव्हती. मार्च 2022 पासून मोजणी सकाळी आणि दोघांनी करण्याची पद्धत ठेवली. त्यानंतरच्या 27 मोजण्या त्यांनी केल्या आणि मी मधूनमधून अचानक तपासल्या. त्या बरोबर होत्या. मोजणीला दुसरा माणूस आणि दुसरी सही असेल, तर मी त्यांना पुन्हा माझ्या गोदामात घेईन. अधिक माहितीसाठी मला फोन करावा.’

दुसऱ्या दिवशी भावानं ते मुलाच्या हातात दिलं आणि स्पष्ट सांगितलं, “मी लिहिलं तर असंच लिहीन. नको असेल तर कंपनीचा अनुभवाचा दाखला घे, त्यात यातलं काही नसेल. माझा राग येणार नाही.” मुलानं पत्र घरी नेलं. भाऊ सांगतो, ती रात्र त्यालाच झोप लागली नाही. सकाळी मुलगा आला आणि म्हणाला, “सर, फक्त ‘काही कप्पे’ऐवजी ‘सहा कप्पे’ लिहा. काही म्हटलं की जास्त वाटतं.” भावानं जुना तक्ता काढून पाहिलं. सहाच होते.

पुण्याहून फोन आला. त्यांनी तुटीबद्दल दोनदा विचारलं, मग इन्सुलिनच्या पेट्यांबद्दल बराच वेळ विचारलं. मुलाला घेतलं, पण प्रमुख म्हणून नव्हे. सहा महिने सहायक, पगार ठरल्यापेक्षा दोन हजारांनी कमी, पुढचं नंतर पाहू.

ईदच्या दुसऱ्या दिवशी शिरखुर्मा घेता घेता भावानं विचारलं, “आपा, माझ्या पत्रामुळेच त्याचे दोन हजार गेले ना?”

मी हो म्हटलं. खोटं सांगून त्याचं समाधान करण्यात अर्थ नव्हता. थोड्या वेळानं त्यानंच सांगितलं, मुलाचा फोन आला होता. तिथंही मोजणी एकट्यानं करायची पद्धत होती. यानं पहिल्याच महिन्यात मालकाकडे दुसरी सही मागितली, आणि मालक म्हणाला, हो, तुझ्या पत्रात वाचलंय.