कर्जतचं भाडं, मुंबईचा पगार: जुनी करप्रणाली परवडते का?

कर्जत किंवा खोपोलीहून लोकलने मुंबईला नोकरीला जाणाऱ्या अनेकांना वाटतं की, घरभाडं भरतोय म्हणजे जुनी करप्रणालीच फायद्याची. २०२५-२६ चा हिशोब मात्र वेगळं सांगतो.

समजा, वर्षाचा पगार १५ लाख, त्यात बेसिक ६ लाख आणि घरभाडे भत्ता २.४ लाख. कर्जतच्या घराचं भाडं महिना १२ हजार, म्हणजे वर्षाला १.४४ लाख. भत्ता २.४ लाख मिळाला तरी तो सगळा करमुक्त होत नाही. भाड्यातून बेसिकचे १० टक्के, म्हणजे ६० हजार वजा होतात आणि सूट मिळते फक्त ८४ हजारांची. घर स्वस्त, म्हणून सूटही किरकोळ!

त्यात ८०सीचे दीड लाख आणि ५० हजारांची प्रमाणित वजावट धरली, तरी जुन्या प्रणालीत सेससह कर सुमारे १.८४ लाख होतो. नव्या प्रणालीत ७५ हजारांच्या वजावटीनंतर तो ९७,५०० रुपये.

या पगारावर जुनी प्रणाली बरोबरीला यायची, तर प्रमाणित वजावट सोडून जवळपास ५.४४ लाखांच्या सवलती लागतात. भाड्याऐवजी खालापुरात स्वतः राहण्यासाठी फ्लॅट घेतला, तरी गृहकर्जाच्या व्याजाचे जास्तीत जास्त २ लाख आणि ८०सीचे दीड लाख मिळून साडेतीनच होतात.

कंपनीकडे नवी प्रणाली नोंदवली असली, तरी पगारदाराला मुदतीत विवरणपत्र भरताना जुनी निवडता येते.