पित्ताचा खडा आणि त्याची सावली

आर्वीच्या एका भगिनीने सोनोग्राफीचा रिपोर्ट पाठवून विचारले होते, “पित्ताशयात खडा आहे आणि भिंतही जाड झालीय म्हणतात. लगेच ऑपरेशन करावे लागेल का हो?” वय ४२. तळकट जेवण झाले की रात्री उजव्या बरगडीखाली कळ येते, पाठीकडे जाते आणि तासा-दोन तासांनी थांबते.

आधी खड्याचे पाहू. सोनोग्राफीत आवाजाच्या लहरी पोटात सोडतात. पित्त पातळ, म्हणून पडद्यावर ते काळे दिसते. खड्यावर आपटून काही लहरी परततात, म्हणून तो पांढरा चकाकतो. बाकीच्या त्याच्यातच जिरतात, पलीकडे काही पोचत नाही. उन्हात तुळशीवृंदावनामागे सावली पडावी, तशी खड्यामागे काळी पट्टी दिसते. रिपोर्टातले ‘अकॉस्टिक शॅडोइंग’ ते हेच! शिवाय कूस बदलली की खडा घरंगळतो. भिंतीला चिकटलेला पॉलिप हलत नाही, सावलीही पाडत नाही. नुसता गाळ असला तर तो सावकाश सरकतो, पण सावली नाही. मात्र दोन-तीन मिलिमीटरांच्या बारीक खड्याची सावली कधीकधी पडत नाही, आणि शेजारच्या आतड्यातला वायू धुरकट सावली पाडून फसवतो. म्हणून तर डॉक्टर कुशीवर वळायला सांगतात.

आता भिंत. उपाशीपोटी ती ३ मिलिमीटरपर्यंत असते. या बाईंच्या रिपोर्टात ५ होती, पण शेजारीच ‘कॉन्ट्रॅक्टेड’ म्हणजे आकसलेले पित्ताशय असा शब्द होता. पत्राने विचारले, तर कळले की सकाळी पोहे-चहा घेऊनच बाई तपासणीला गेल्या होत्या! खाल्ल्यावर पित्ताशय पित्त सोडून आकसते. रिकामी पिशवी चुरगळली की कापड जाड लागते ना, तसेच. रात्रीपासून काही न खाता (साधे पाणी चालते, मधुमेहाची औषधे असली तर आधी विचारावे) सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात त्यांनी पुन्हा तपासून घेतले. भिंत अडीच मिलिमीटर निघाली. खडा मात्र खराच होता: ९ मिलिमीटरांचा, हलणारा, मागे स्वच्छ सावली.

उपाशीपोटीही भिंत जाड दिसली, तरी दर वेळी दोष पित्ताशयाचाच नसतो. डेंग्यूत, काविळीत, हृदय थकल्यावर किंवा रक्तातले प्रथिन घटल्यावरही ती सुजते. खड्यामुळे आलेली सूज असली, तर बहुधा खडा तोंडाशी अडकलेला असतो, भोवती पाणी दिसते आणि नेमके तिथेच यंत्र दाबल्यावर बाई कळवळते. अशी कळ पाच-सहा तासांत थांबली नाही, ताप आला किंवा डोळे पिवळे झाले, तर ओवा-सोडा घेत घरी बसू नये. त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

कधीच न दुखलेला खडा सहसा तसाच राहू देतात. आर्वीच्या बाईंना मात्र कळा पुन्हापुन्हा येताहेत, तेव्हा त्यांनी सर्जनना दाखवून पित्ताशय काढण्याचे ठरवावे. पण घाबरून उद्याच टेबलावर जायला नको. घरच्यांशी बोलून, सोयीची तारीख घेऊन जावे.